आबा गेल्याची रजा

जवरीलाल शेठजींच्या डाळमिलमध्ये रजा कधी कोणाला नाकारली गेली नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दुसरीकडे माणसं रजेसाठी गयावया करतात, इथे तसं नव्हतं. इथे अर्ज नंतर दिला तरी चालायचा, पण कारण आधी द्यावं लागायचं, आणि तेही तोंडाने, भर ऑफिसात, प्रेमराजभाऊंच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून.

प्रेमराजभाऊ मिलचे मॅनेजर. शेठजींच्या लांबच्या नात्यातले, राजस्थानच्या पाली जिल्ह्यातून आजोबा आलेले, स्वतः मात्र जन्मापासून जळगावचे आणि वरणबट्टीवर जीव टाकणारे. माणूस देवासारखा, आणि देवासारखाच सगळ्यांचं सगळं माहीत असायला हवं अशा मताचा. बायकोचं बाळंतपण, मेव्हण्याचं लग्न, आईचा मोतीबिंदू, जे असेल ते त्या खुर्चीत बसून सांगायचं. प्रेमराजभाऊ चहा मागवणार, दोन प्रश्न विचारणार, एक उपाय सुचवणार आणि म्हणणार, "जा." शेजारच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या सुनंदाबाई तोवर निम्म्या ऑफिसला बातमी पोचवणार. यात कोणाचं वाईट चिंतायचा हेतू नव्हता. माया होती, आणि मायेला कान फार असतात.

आणि कोणाकडे मयत झालं, की मिलची बोलेरो निघायची. खानदेशात याला दारावर जाणं म्हणतात. ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारावर जाऊन थोडा वेळ बसायचं. तिथे घरचे 'या' म्हणत नाहीत आणि निघताना पाहुणे 'येतो' म्हणत नाहीत. अशा कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. उठायचं, हात जोडायचे आणि मागे न बघता चालू लागायचं. मिलमधल्या हमालाची सासू वारली तरी प्रेमराजभाऊ चोपड्याला जाऊन बसून आले होते. या बाबतीत त्यांच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

अडचण अशी, की अभिमन पाटलाकडे कारणच नव्हतं.

अभिमन तक्रारींचा फोन सांभाळायचा. नागपूरपासून सुरतेपर्यंतचे व्यापारी त्याला फोन करत. डाळ शिजत नाही, कट्टे फाटून आले, वजन कमी भरलं, गाडी अजून पोचली नाही. शिव्या देणारे शिव्या देत, गोड बोलणारे गोड बोलून जास्त त्रास देत. अभिमन सगळ्यांना "बघतो भाऊ, करतो भाऊ" म्हणत असे. वर्षानुवर्षं म्हणत आला होता आणि त्यात कधी काही बिघडलं नव्हतं. मग कधीतरी, नेमकं कधी ते त्यालाही सांगता आलं नसतं, फोन वाजला की त्याच्या छातीत धडधडायला लागलं. पुढे फोन न वाजताही वाजल्यासारखा वाटू लागला. डबा उघडला तर घास गिळवेना. झोपायला गेला तर डोळा लागेना, आणि सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे विहिरीतून गाळ काढण्यासारखं काम होऊन बसलं. एकदा तर गाड्या लावायच्या शेडमध्ये मोटारसायकलवर बसल्या बसल्या त्याला रडू आलं. कोणी काही बोललेलं नव्हतं. पगार वेळेवर झाला होता. दुपारचं ऊन तेवढं होतं.

घरी सांगावं तर घर कुठलं? आईवडील लहानपणीच गेलेले. छत्तिशी गाठली तरी लग्न जमलेलं नाही. मुलींना सरकारी नोकरी हवी, डाळमिलच्या फोनवाल्याला कोण देतं? जळगावात भाड्याची एक खोली, खाली पिठाची गिरणी. जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस, चुलते मोतीलाल आबा. ते शिंदखेड्याजवळच्या गावात एकटे राहत. त्यांनीच त्याला वाढवलेलं. दर रविवारी फोनवर आबा विचारत, "जेवना का?" आणि तो म्हणे, "जेवनू." झालं. इतकी वर्षं दोघांचं त्या दोन शब्दांवर भागलं होतं.

शेवटी तो डॉक्टरकडे गेला, पण जळगावात नाही. जळगावात मनाच्या डॉक्टरच्या दारात कोणी पाहिलं असतं तर? मिलला सुट्टी शनिवारी. तो एसटीने धुळ्याला गेला आणि गुन्हा करायला निघाल्यासारखा तोंडाला रुमाल बांधून जिना चढला. डॉक्टर आयत शेख वयाने त्याच्याहून लहान होत्या. त्यांनी घाई केली नाही. झोप, भूक, काम, सगळं विचारलं. "जीव द्यावासा वाटतो का?" हेही सरळ विचारलं, जसं खोकला येतो का विचारावं. "नाही," तो म्हणाला, "पण उठावंसं वाटत नाही." त्यावर त्यांनी मान हलवली, जणू हे ऐकलेलं दुखणं आहे, याला नाव आहे आणि उपायही आहे. अभिमनला तेवढ्यानेच भरून आलं.

"गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला मळमळेल, सुस्ती येईल. मनाने बंद करू नका. दर आठवड्याला येऊन बोलायचं. आणि तीन आठवडे तो फोन तुमच्या हातात नको."

"सर्टिफिकेटवर काय लिहाल?"

"उपचार चालू आहेत, विश्रांतीची गरज आहे. एवढं पुरतं. कोणता आजार ते तुमची परवानगी असल्याशिवाय मी लिहीत नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण कागद माझा आहे. वर माझं शिक्षण छापलेलं असतं. ते मला झाकता येत नाही."

वर छापलं होतं, मनोविकारतज्ज्ञ.

सोमवारी तो कागद खिशात घालून अभिमन प्रेमराजभाऊंच्या समोरच्या खुर्चीत बसला. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. मला बरं वाटत नाही. मला काही दिवस थांबायला हवं. वाक्यं सोपी होती, पण एकेका वाक्यामागे पुढचा प्रश्न उभा होता.

"बोल रे अभिमन," प्रेमराजभाऊ म्हणाले आणि त्यांनी चहाची खूण केली.

"भाऊ, मला रजा पाहिजे होती. जरा जास्त दिवस."

"घे की. काय काढलंस? मुलगी बघायला जायचंय?"

सुनंदाबाईंनी कॅल्क्युलेटरवरचा हात थांबवला. पलीकडे गाड्यांचं बघणारा शेहजाद हसला.

"नाही भाऊ. बरं नाही वाटत."

"काय होतंय? ताप?"

"ताप नाही."

"मग दुखतंय कुठे?"

आता याला काय सांगणार? कुठे दुखत नाही, तेच तर दुखणं. "झोप नाही येत," तो म्हणाला.

"हात्तिच्या!" प्रेमराजभाऊंचा चेहरा उजळला. माहितीतला आजार निघाला. "रात्री तळपायाला गाईचं तूप चोळ, काशाच्या वाटीने. मी रोज चोळतो. आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. आमच्याकडे ये जेवायला, एकटा कशाला खातो खोलीवर?"

"दृष्ट काढून घ्या त्याची," सुनंदाबाई म्हणाल्या. "किती वाळलाय."

सगळे हसले, अगदी प्रेमाने. अभिमनही हसला, आणि हसता हसता त्याला कळलं की आता कागद काढला नाही तर पुन्हा कधीच निघणार नाही. तो खिशाकडे हात नेणार तोच पलीकडे त्याच्या टेबलावरचा तक्रारींचा फोन वाजला. खरोखरचा वाजला. त्याच्या पाठीला घाम फुटला. त्याने तोंड उघडलं, शब्द आला नाही, आणि डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागलं, थांबेना.

फोन वाजून वाजून थांबला.

"अरे," प्रेमराजभाऊ अर्धवट उठले. "अभिमन? काय झालं? गावाकडे सगळं ठीक ना? आबा?"

तो रडतच होता.

"अगं बाई," सुनंदाबाईंनी डोक्यावर पदर ओढला. "आबा गेले वाटतं."

छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस भर ऑफिसात रडतो म्हणजे घरचं कोणी गेलं असणार. दुसरं कारण त्या खोलीत कोणाला ठाऊकच नव्हतं. आणि अभिमनने, देव त्याचं भलं करो, मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण मान खाली गेली, आणि आबा गेले.

मग कसला प्रश्न न् कसला उपाय! प्रेमराजभाऊ टेबलाला वळसा घालून आले, त्याला उराशी धरलं. "वेड्या, हे सांगायला एवढा वेळ? सगळे दिवस करूनच ये. रजेचं मी बघतो. फोन शेहजाद घेईल." शेहजादने त्याची बॅग उचलली आणि आपल्या गाडीवर त्याला स्टेशनला सोडलं. इतके महिने जे मागायला त्याला जमलं नव्हतं, ते एका घटकेत पदरात पडलं. खिशातला कागद खिशातच राहिला.

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढी माणसं त्याच्यासाठी हळहळली, आणि त्यातलं एकही त्याच्यासाठी हळहळलं नव्हतं. सगळी हळहळ आबांच्या वाट्याची होती, जे त्या वेळी मजेत गोठा झाडत असणार. इतकं एकटं त्याला खोलीवरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

आबांनी त्याला दारात पाहिलं आणि काही विचारलं नाही. "वना का? बरं व्हयनं," म्हणाले आणि भाकरीचं पीठ वाढवलं. अभिमन झोपला. गोळी घ्यायचा, जेवायचा, पुन्हा झोपायचा. शेवग्याच्या झाडाखाली खाट टाकून पडून राहायचा. आबा खाटेच्या आजूबाजूने कामं करत राहिले, मांजर झोपलेल्या वाटेवरून माणूस जपून चालतो तसे. एकदा गोळ्यांचं पाकीट उचलून उन्हात धरून त्यांनी पाहिलं आणि होतं तिथे ठेवून दिलं. विचारलं असतं तर तो बोलला असता का, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. एकमेकांशी दोघंही मुलखाचे अबोल, त्याला काय करणार.

प्रेमराजभाऊंचा फोन येत होता. अभिमन सांगत होता, "भाऊ, येऊ नका, लांब पडतं, मिलचं काम आहे." हे बोलून तो निश्चिंत होत होता, हीच त्याची चूक. दारावर येऊ नका असं खानदेशात सगळेच म्हणतात आणि ते मनावर कोणीच घेत नाही. 'येऊ नका' हा तिथे घराचा पत्ता विचारून घेण्याचा मुहूर्त असतो.

शनिवारी सकाळी शेहजादचा फोन आला. "अभिमनभाऊ, बेटावद सोडलं. घर मारुतीच्या देवळाजवळच ना?"

अभिमन खाटेवरून उठला. आबा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते, जिवंत, धडधाकट, तोंडात तंबाखू.

"आबा," तो म्हणाला, "मिलनी मानसं ई राहिनीत. दारवर."

"कोन मरनं?"

अभिमनने मान खाली घातली. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग विळा बाजूला ठेवला.

"मी?" आबा म्हणाले. "मी कव्हय मरनू रे भाऊ?"

आणि मग अभिमनने सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. फोन, झोप, शेड, धुळ्याची डॉक्टर, खुर्ची, रडू. उलटसुलट, तुटक तुटक. आबा ऐकत राहिले. मध्येच त्यांनी तंबाखू थुंकली. अभिमनला वाटलं, आता तोंडात मारतील. आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुन्हा घसा दाटना म्हनीसन मी मरी गऊ," आबा शेवटी म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आते? मी शेतमा जाऊ का लपाले?"

"गावातलं कोनीबी सांगी दी त्यास्ले."

"मंग जात नही." आबा उठले, धुतलेली टोपी घातली, उपरणं खांद्यावर घेतलं. "मन्हा भाऊ गया आसं सांगू. तू गप बठ. तुले तेच येस."

बोलेरो देवळापाशी थांबली. प्रेमराजभाऊ पांढऱ्या झब्ब्यात, सुनंदाबाई डोक्यावर पदर घेऊन, मागे शेहजाद, असे तिघं अंगणात आले. कोणी 'या' म्हणालं नाही. आबांनी सतरंजीकडे बोट केलं. पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला गेला. सुनंदाबाईंची नजर भिंतीवर हार घातलेला फोटो शोधू लागली, आणि सापडेना तेव्हा आबांवर येऊन टेकली.

"फोटो काच बसवाले टाका शे," आबा म्हणाले. "मी धाकला भाऊ."

"अभिमनचा तोंडावळा तुमच्यासारखाच आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

"लोके तेच म्हनतस."

थोडा वेळ सगळे जमिनीकडे बघत बसले, दारावर बसतात तसे. मग प्रेमराजभाऊंनी घसा साफ केला. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे असतात.

"मी मोतीलाल आबांना कधी भेटलो नाही," ते म्हणाले. "पण ऐकून माझे झालेले. मिलमध्ये नवा लागला तेव्हा डबा खाताना अभिमन दुसरं काही बोलायचाच नाही. आबा असे, आबा तसे. ह्याला गोवर निघाला तर आबांनी बारा रात्री मांडीवर निजवला. शाळेत पोरं बिनआईबापाचा म्हणाली, तर आबा शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. काकू गेल्यावर दुसरं लग्न केलं नाही, ह्याला सावत्रपणा नको म्हणून."

आबांची मान खाली गेली. हे सगळं त्यांना माहीत होतं, त्यांनीच केलेलं होतं. पण पुतण्याच्या ते लक्षात आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. 'जेवना का' आणि 'जेवनू' यांच्या मध्ये तेवढी जागाच नव्हती. त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि ते सोंग नव्हतं.

"मला एक खंत आहे, काका," प्रेमराजभाऊ त्यांच्याकडे वळून म्हणाले. "हा पोरगा सहा महिने झाले मिटल्यासारखा बसायचा. मला दिसत होतं. वाटायचं, आबा आजारी असतील, काळजीत असेल. मी कधी बाजूला घेऊन विचारलं नाही. तुपाच्या वाट्या सांगत बसलो. आबांचं दुखणं आधी कळलं असतं तर..."

"भाऊ," अभिमन म्हणाला.

आबांनी डोळ्यांनी त्याला दटावलं. गप बठ.

पण आता गप्प बसणं त्याला जमेना. प्रेमराजभाऊ चुकीच्या मयतावर का होईना, पण खरं हळहळत होते. "भाऊ, आबा गेले नाहीत. हे आबा आहेत."

सुनंदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. शेहजादने आबांकडे, आबांनी आभाळाकडे पाहिलं.

"कोणी गेलं नाही," अभिमन म्हणाला. "मी आजारी आहे. मला तो फोन उचलवत नाही. मला सकाळी उठवत नाही. मी धुळ्याला मनाच्या डॉक्टरकडे जातो. त्या दिवशी हेच सांगायला बसलो होतो, कागद खिशात होता. रडू आलं, आणि सुनंदाताई म्हणाल्या आबा गेले, आणि मी नाही म्हणालो नाही."

त्याने घरात जाऊन कागद आणला. प्रेमराजभाऊंनी तो घेतला, वाचला. वरची छापील ओळ वाचताना त्यांचे ओठ हलले.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मयताचं खोटं बोलायला जमलं तुला. हे नाही जमलं?"

"मयत तुम्हाला समजतं, भाऊ."

सुनंदाबाई उठल्या. "जिवंत माणसाच्या नावाने डोक्यावर पदर घेतला मी," म्हणाल्या, आणि तरातरा गाडीकडे गेल्या. त्यांचा राग खोटा नव्हता, आणि उद्या तो ऑफिसभर होणार हेही अभिमनला कळत होतं. शेहजाद उठला, घुटमळला, अभिमनच्या खांद्याला हात लावून त्यांच्यामागे गेला.

"मला हे कळत नाही," प्रेमराजभाऊ कागदाकडे बघत म्हणाले. "ताप असता तर हात लावून बघितला असता. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. तू खुर्चीत बसलेला, धड दिसणारा. मी शेठजींना काय सांगू?"

"आजारी आहे सांगा."

"कसला, ते विचारतील."

अभिमनने दाराकडे पाहिलं. सोपं उत्तर ओठावर होतं. कावीळ म्हणा, टायफॉइड म्हणा. प्रेमराजभाऊंनी तेही सांगितलं असतं. त्याने आबांकडे पाहिलं. एका खोट्याखाली आबा आठवडाभर मेलेले होते.

"जे आहे ते सांगा," तो म्हणाला.

प्रेमराजभाऊंनी कागदाची घडी घातली, झब्ब्याच्या खिशात ठेवली. "हक्काच्या रजा आहेत तुझ्या काही, त्या आधी लागतील. उरलेले दिवस बिनपगारी. त्यात माझं चालणार नाही. परत येशील तेव्हा डॉक्टरांचं कामावर घ्यायला हरकत नाही असं पत्र आण." ते मॅनेजरसारखे बोलत होते, कारण दुसरं कसं बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. "फोनचं नंतर बघू. ते टेबल तुझ्याकडेच राहील असं आता म्हणत नाही. नाहीच राहणार असंही म्हणत नाही."

"बरं."

"मी रागावलोय तुझ्यावर."

"हो भाऊ."

प्रेमराजभाऊ उठले. सवयीने त्यांनी आबांना हात जोडले, दारावरून उठताना जोडतात तसे, आणि काही न बोलता, मागे न बघता अंगण ओलांडू लागले. त्यांची पांढरी पाठ दूर जाताना पाहून अभिमनच्या मनात आलं, की हे रीतीनेच झालं. मयत माझंच होतं. आता या दारावर कोणी पुन्हा यायचं नाही.

फाटकाशी प्रेमराजभाऊ थांबले. कडीवर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले. गाडीतून सुनंदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग ते मागे वळले, पूर्ण वळले, आणि ओट्याकडे बघून जरा मोठ्यानेच म्हणाले,

"येतो."

आबांनी टोपी सरळ केली. "या," ते म्हणाले.

गाडी देवळापासून वळून गेली. आबांनी विळा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि अभिमनच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. "जीवले कसं वाटस रे भाऊ?" म्हणाले.